सलाईनमधून जेवण की नाकातून नळी: स्वादुपिंडाच्या सुजेची एक केस, एकतीस दिवस

डाएटेटिक्सच्या पोरांना परीक्षेत हमखास एक केस येते, पेशंटला अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस आहे, चार दिवस तोंडानं काही नाही, वजन घटलंय, कोणत्या मार्गानं पोषण द्याल आणि का. निम्मी पोरं पॅन्क्रियास हा शब्द वाचला की थेट टीपीएन, म्हणजे शिरेतून पूर्ण पोषण, लिहून मोकळी होतात, उरलेली 'आतडं चालत असेल तर आतडं वापरा' हे पाठ केलेलं वाक्य लिहितात, आणि दोघांनाही पुढचं विचारलं की गाडी अडते. म्हणून नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूतली ही केस मांडतेय, यात आम्ही आधी टीपीएनला नाही म्हटलं आणि चार दिवसांनी तेच टीपीएन आम्हीच लावलं, आणि दोन्ही वेळेला निर्णय बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. मधल्या काळात मात्र माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगते. ओळख पटू नये म्हणून पेशंटचे काही तपशील बदललेत.

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, वय ४६. गोडी छाटणीचे दिवस, म्हणजे ऑक्टोबर, बागेत मजुरांची धावपळ, स्वतःचं खाणंपिणं कुणी बघत नाही. दारू बऱ्याच वर्षांपासून, गेल्या तीन महिन्यांत जास्तच. पोटात वरच्या बाजूला असह्य कळ, पाठीत आरपार जाणारी, आणि उलट्या, म्हणून गावाजवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं. तो आपण पहिला दिवस धरू. तिथं चार दिवस सलाईन, अँटिबायोटिक, तोंडानं काही नाही. लघवी कमी झाली, धाप लागायला लागली तेव्हा चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आणलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी बघायला गेले. उंची १६८ सेंमी. बेडच्या काट्यावर वजन जास्त दिसत होतं, पण अंगात एवढं पाणी साचलेलं होतं की तो आकडा धरण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या बायकोला विचारलं तर त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या कपड्यांचं माप द्यायला गेलो तेव्हा प्यांट दोन इंच आत घ्यावी लागली." सोसायटीच्या आरोग्य शिबिरात तीन महिन्यांपूर्वी ६२ किलो लिहिलेला कागद भावाच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेला होता, आणि आजारी पडायच्या आठवडाभर आधी खताच्या दुकानातल्या काट्यावर ५४ भरलं होतं. मी ५४ धरलं. तीन महिन्यांत ८ किलो, म्हणजे जवळजवळ १३ टक्के.

आता भाऊ. शिकलेला माणूस, बागेचा हिशोब तोच बघतो. त्यानं पहिलं वाक्य टाकलं ते असं, "मॅडम, चार दिवस सलाईन चालूच होतं की, मग उपाशी कुठे होता?" मी त्याला तिथंच कागदावर मांडून दाखवलं. पाच टक्के डेक्स्ट्रोजची एक लिटर बाटली म्हणजे ५० ग्रॅम साखर, त्या साखरेच्या ग्रॅमला ३.४ कॅलरी, म्हणजे १७० कॅलरी. एका बाजरीच्या भाकरीएवढ्या. प्रोटीन शून्य. दोन बाटल्या लावल्या तरी दिवसाला दोन भाकऱ्या, कालवण नाही, काही नाही. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे पाणीच प्यायला दिलं."

अडचण काय होती

अडचणी तीन होत्या आणि त्या एकमेकींत अडकलेल्या होत्या.

पहिली, आजार जोरात होता. सीटीत पॅन्क्रियासच्या मधल्या भागात रक्तपुरवठा नाही, भोवती पाण्याचा मोठा साठा. अशा माणसाचं शरीर स्वतःचेच स्नायू जाळत असतं, त्याला दिवसाला साधारण २५ कॅलरी प्रतिकिलो, म्हणजे १३५० कॅलरी, आणि प्रोटीन ६५ ते ८० ग्रॅमच्या दरम्यान लागणार होतं.

दुसरी, एवढं द्यायची घाई करता येत नव्हती. दहा टक्क्यांवर वजन घट, पाच दिवसांहून जास्त पोटात काही नाही, आणि दारू. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी असल्या तरी रीफीडिंगचा धोका मोठा धरायचा असतो, इथं दोन पक्क्या होत्या आणि उपासाची तिसरी काठावर. उपाशी शरीर चरबीवर चाललेलं असतं, अचानक साखर मिळाली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातला फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. फॉस्फरस संपला की छातीचे स्नायूसुद्धा दमतात, आणि या माणसाला आधीच धाप होती. हे नळीतून दिलं तरी होतं आणि शिरेतून दिलं तरी होतं, पोरं हा धोका फक्त टीपीएनच्या नावावर लिहितात ते चूक आहे.

तिसरी अडचण, आयसीयूत प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र. सर्जन सर जुन्या शिस्तीतले, त्यांचं म्हणणं पॅन्क्रियासला विश्रांती द्या, आतड्याचे आवाज येत नाहीयेत, पोट फुगलंय, टीपीएन लावा. घरच्यांचंही तेच, फक्त कारण वेगळं. भाऊ म्हणाला, "ते पांढरं सलाईन असतं ना, जेवणाचं, ते द्या. नाकात नळी घातली म्हणजे गावात लोक समजतात की आता काही खरं नाही." हे मला जवळजवळ प्रत्येक केसमध्ये ऐकायला मिळतं. नळीची भीती आणि सलाईनवरचा विश्वास, दोन्ही आपल्याकडे एकाच घरात नांदतात.

पहिला प्रयत्न: साधी राईल्स ट्यूब

पाचव्या दिवशी आम्ही साध्यापासून सुरुवात केली. आधी थायामिनचं इंजेक्शन, मग फीड, हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही कारण साखर जाळायला थायामिन लागतं आणि दारू पिणाऱ्याकडे त्याचा साठा आधीच तळाला गेलेला असतो. फॉस्फरस २.९ आला, म्हणजे नॉर्मलमध्येच. दुपारी राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून जठरात जाणाऱ्या नळीतून, तयार फीड, एका मिलीला एक कॅलरीवालं, पंपावर तासाला २० मिली. दिवसाचे ४८० होतात, म्हणजे साधारण ९ कॅलरी प्रतिकिलो. सुरुवातीला १० कॅलरी प्रतिकिलोच्या आसपास राहायचं हे ठरलेलंच होतं.

पॅन्क्रियाटायटिसमध्ये बहुतेकांना पोटातली साधी नळी चालते, सरळ एनजे, म्हणजे नाकातून जठराच्या पुढे लहान आतड्यात जाणारी नळी, टाकायची गरज नसते. आमच्या पेशंटला नाही चालली. सहाव्या दिवशी सकाळी दोन हिरव्या उलट्या झाल्या, आणि सिस्टरनी नळीला सिरिंज लावून ओढलं तर सहा तासांचं मिळून ६०० मिली परत आलं. म्हणजे फीड गेलं १२० मिली आणि आलं पाचपट, जठरातून खाली काहीच उतरत नव्हतं. आतडी हलवणारं औषध आदल्या संध्याकाळपासून चालू होतं, उपयोग शून्य.

इथं परीक्षेतला पेशंट आणि खरा पेशंट वेगळे होतात. 'फीड सहन होत नाही' असं फाईलमध्ये लिहिलं गेलं, आणि ते वाचून राउंडवर सगळ्यांचं मत टीपीएनकडे झुकलं. मी रेडिओलॉजीला खाली गेले आणि सीटी पुन्हा बघायची विनंती केली. तो पाण्याचा साठा ड्युओडेनमवर, म्हणजे लहान आतड्याच्या जठराला लागून असलेल्या पहिल्या भागावर, बाहेरून दाबत होता. म्हणजे जठराचं दार बाहेरून अडवलेलं होतं, औषधानं ते उघडणार कसं. पण त्या दाराच्या पलीकडचं जेजुनम, म्हणजे लहान आतड्याचा पुढचा भाग, सीटीत ठीक दिसत होतं, फुगलेलं नाही, भिंतीला रक्त पोचतंय.

समोर असलेले पर्याय

सहाव्या दिवशी दुपारी टेबलावर चार गोष्टी होत्या.

राईल्स ट्यूबनंच हळूहळू रेटत राहायचं, हा पर्याय तसा लगेच बाद झाला, कारण अडथळा बाहेरचा होता आणि उलटी फुफ्फुसात गेली असती तर धाप लागलेला माणूस व्हेंटिलेटरवर गेला असता.

हाताच्या शिरेतून पोषण, पीपीएन. घरच्यांना हे सगळ्यात आवडलं कारण सलाईनसारखंच दिसतं. पण हाताच्या शिरेला पातळ मिश्रणच चालतं, घट्ट दिलं की शीर सुजते, त्यामुळे १३५० कॅलरी द्यायच्या तर एवढं पाणी द्यावं लागलं असतं की आधीच सुजलेल्या माणसाला ते झेपलं नसतं.

मग उरले दोनच, मोठ्या शिरेतल्या सेंट्रल लाइनमधून पूर्ण टीपीएन, किंवा एंडोस्कोपीनं नळी ड्युओडेनमच्या पुढे जेजुनममध्ये नेऊन ठेवायची, म्हणजे एनजे.

सर्जन सरांशी माझं दहा-पंधरा मिनिटं बोलणं झालं, वाद नाही म्हणता येणार, पण आवाज थोडे चढले होते. त्यांचा मुद्दा विश्रांतीचा. माझं म्हणणं असं की पॅन्क्रियासला रस सोडायचा हुकूम मुख्यतः जठर आणि ड्युओडेनममधून जातो, फीड त्याच्या पुढे सोडलं तर तो हुकूम बराच कमी होतो. आणि आतडं रिकामं ठेवणं म्हणजे विश्रांती नव्हे, रिकाम्या आतड्याची भिंत पातळ होते, आतले जंतू भिंत ओलांडून त्याच मेलेल्या पॅन्क्रियासमध्ये जाऊन बसतात, आणि तिथं पू झाला की मग खरी लढाई. २०१० च्या कोक्रेन आढाव्यात आठ चाचण्या एकत्र केल्या होत्या, त्यात नळीनं पोषण दिलेल्यांमध्ये इन्फेक्शन, अवयव निकामी होणं आणि मृत्यू, तिन्ही टीपीएनवाल्यांपेक्षा कमी होते. आतड्याचे आवाज येत नाहीत हा मुद्दाही मी सोडला नाही, आवाज हा हवा आणि पाणी हलण्याचा असतो, ज्यांना चार दिवस काहीच दिलं नाही त्यांच्या पोटात आवाज कशाचा येणार. आवाज नाहीत म्हणून फीड थांबवायचं नसतं.

सर म्हणाले, "ठीक आहे, नळी गेली तर बघू. नाही गेली तर आज रात्री टीपीएन." मला हे मान्य होतं, आणि खरं सांगायचं तर सौदा हाच योग्य होता. कारण एनजे जाणं किंवा न जाणं यावरच उत्तर फिरत होतं. नळी खाली पोचूच शकली नसती तर आतडं कितीही चांगलं असो, त्याच्यापर्यंत वाट नाही म्हणजे टीपीएनच.

काय केलं

गॅस्ट्रो सरांनी संध्याकाळी एंडोस्कोपीनं एनजे टाकली. ड्युओडेनमचा मार्ग अरुंद होता पण नळी निघाली. एक्सरेत टोक डाव्या बाजूला, ड्युओडेनम संपून जेजुनम सुरू होतं त्याच्या पुढे गेलेलं दिसलं तेव्हाच फीड सोडलं. जुनी राईल्स ट्यूब काढली नाही, ती जठर रिकामं करायला तशीच ठेवली. म्हणजे एका नाकपुडीतून बाहेर, दुसऱ्यातून आत. त्यांच्या बायकोला, ताईंना, हे बघवेना, त्या बाहेर जाऊन बसल्या. त्यांना जाऊन समजावलं की एक नळी गटाराची आहे आणि एक पाटाची, शेतकऱ्याच्या घरात ही उपमा पटकन कळते.

दुसऱ्या दिवशी त्या स्टीलच्या डब्यात मुगाचं पातळ वरण गाळून घेऊन आल्या. "मशिनीच्या पाण्यापेक्षा हे घरचं आहे, हेच सोडा ना नळीतून." राईल्स ट्यूब असती तर घरच्या फीडचा विचार तरी करता आला असता. एनजे नळी बारीक असते, वरणाचा गाळ तिच्यात बसतो, आणि मुख्य म्हणजे जठरातलं आम्ल वाटेत नसतं, जंतू गेले तर सरळ आतड्यात. शिवाय जेजुनमला पिशवी नाही, एकदम १५०-२०० मिली सोडलं की पोटात मुरडा आणि जुलाब. तिथं थेंबथेंबच लागतं, पंपावर, चोवीस तास. वरण भावानं खाल्लं.

सातव्या दिवशी सकाळी फॉस्फरस १.६. दोन दिवसांत २.९ वरून १.६, तेही तासाला २० मिलीवर. ज्यांना वाटतं की एवढ्याशा फीडनं काय होतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. फीड बंद केलं नाही, पण वाढवलंही नाही, २० वरच ठेवलं, शिरेतून फॉस्फेट दिलं, मॅग्नेशियम पण खाली होतं तेही दिलं, थायामिन चालू. आठव्या दिवशी फॉस्फरस २.४ झाला तेव्हा ३० मिली केलं.

त्याच दिवशी नळी तुंबली. रात्रपाळीत कुणीतरी अ‍ॅसिडिटीची गोळी कुटून त्याच नळीतून दिली होती. त्या गोळीचं कोटिंग कुटलं तरी विरघळत नाही, बारीक नळीत ते सिमेंटसारखं बसतं. कुणी म्हणालं कोल्ड्रिंक घाला, ते मी करू दिलं नाही, आंबट पडलं की फीडमधलं प्रोटीन फाटतं, दुधात लिंबू पिळल्यासारखं. छोट्या नाही, ५० मिलीच्या मोठ्या सिरिंजनं कोमट पाणी, थोडं ढकलायचं थोडं ओढायचं, जोर लावायचा नाही, असं करत करत मोकळी झाली. पाच तास गेले. नंतर बेडवर मोठ्या अक्षरात कागद लावला, 'या नळीतून गोळी नाही, दर चार तासांनी ३० मिली पाणी'.

दहावा दिवस

नवव्या दिवशी फॉस्फरस ठीक, उलटी नाही, साखर १७० च्या आसपास, म्हणून मी ४० मिली केलं. चार्टवर सगळं छान दिसत होतं. सिस्टरनी संध्याकाळी लिहिलं होतं, 'पोट जास्त ताठ वाटतंय'. ती नोंद मी वाचली आणि पुढे गेले. हीच माझी चूक.

कारण राईल्स ट्यूबवर पोट बिघडलं की उलटी होते, परत ओढलं की कळतं. एनजेवर तसं काही वर येत नाही, जेजुनममधून ओढून काही कळतही नाही आणि ओढायचंही नसतं. मग सांगणार कोण, तर पोटाचा घेर, ताठरपणा, लघवी, आणि ब्लॅडरमधून मोजलेला पोटातला दाब. या केसमध्ये पहिले तीन बिघडत होते आणि चौथा आम्ही एकदाही मोजला नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी पोट ढोलासारखं. लघवी तासाला १५ मिलीवर आलेली. युरिन कॅथेटरमधून २५ मिली सलाईन सोडून, पेशंटला सपाट झोपवून, श्वास सोडल्यावर दाब मोजला तर २२ मिमी. पाच ते सात नॉर्मल, बाराच्या वर वाढलेला समजायचा, आणि वीसच्या वर जाऊन नवीन अवयव बिघडत असेल तर पोटातच घुसमट होतेय असं धरायचं. आतड्याच्या भिंतीला अशा वेळी रक्त कमी पोचतं. ज्या आतड्याला रक्त कमी आहे त्यात अन्न सोडणं म्हणजे आजारी बैलाला नांगराला जुंपणं. पॅन्क्रियाटायटिसच्या २०२० च्या युरोपियन ईस्पेन मार्गदर्शनात हे स्पष्ट आहे, दाब १५ च्या वर गेला तर एनजेतून २० मिलीनंच सुरू करायचं, २० च्या वर किंवा घुसमट असेल तर नळीचं फीड थांबवायचं आणि शिरेतून सुरू करायचं. १२ वाजता फीड बंद केलं.

भाऊ बाहेर भेटला. "मॅडम, मी पहिल्या दिवशीच सांगत होतो ना." यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणाले की तेव्हा आतडं तयार होतं, आज नाहीये. तो काही बोलला नाही.

आता प्रश्न असा की फीड थांबवलं तरी टीपीएन लगेच लावायचं का, दोन-तीन दिवस थांबून बघता आलं नसतं का. चांगल्या अंगाचा माणूस असता तर थांबलो असतो, त्याला आठवडाभर कमी मिळालं तरी चालून जातं. पण आमचा हिशोब काढला तर पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत सहा दिवसांची गरज ८१०० कॅलरींची होती आणि पेशंटच्या आतड्यात टिकलेलं साधारण अडीच हजार. एक तृतीयांशाहून कमी. काही मुद्दाम कमी दिलेलं, काही उलटीत, काही तुंबलेल्या नळीत गेलेलं. त्याआधी चार दिवस डेक्स्ट्रोज, त्याआधी तीन महिने अर्धपोटी. त्यामुळे त्याच संध्याकाळी सुरू केलं.

सेंट्रल लाइन मानेत आधीपासून होती, तिची एक वाट फक्त टीपीएनला राखून ठेवली, त्यातून ना अँटिबायोटिक ना रक्ताचा नमुना, कारण लाइनमध्ये जंतू शिरायची भीती जितक्या वेळा टोपण उघडाल तितकी वाढते. पूर्ण डोस असा धरला: अमिनो अ‍ॅसिड ७० ग्रॅम म्हणजे २८० कॅलरी, डेक्स्ट्रोज १७० ग्रॅम म्हणजे ५७८, आणि २० टक्क्यांचं फॅट २५० मिली म्हणजे ५००. बेरीज १३५८. फॅट देण्याआधी ट्रायग्लिसराइड बघितलं, १८६ होतं, चारशेच्या वर असतं तर फॅट थांबवलं असतं कारण जास्त ट्रायग्लिसराइडनंच काहींना पॅन्क्रियाटायटिस होतो. पहिल्या दिवशी अर्धाच डोस. व्हिटॅमिन आणि ट्रेस एलिमेंट वेगळे घातले, तयार तीन कप्प्यांच्या बॅगेत व्हिटॅमिन नसतात हे नवीन पोरांना माहीत नसतं आणि पेशंट आठवडाभर त्याशिवाय राहतो.

साखर दुसऱ्या दिवशी २६० वर गेली. नळीच्या फीडवर १७० असलेला माणूस. इन्सुलिनचा पंप लावून १४० ते १८० मध्ये आणायला दीड दिवस गेला. टीपीएनच्या पाचव्या दिवशी ताप आला तेव्हा लाइनवर संशय, दोन्हीकडून कल्चर पाठवलं, ते निगेटिव्ह आलं, पण ते दोन दिवस आम्ही सगळे त्या मानेतल्या लाइनकडेच बघत होतो. टीपीएनचा खर्च म्हणतात तो फक्त बॅगेचा नसतो.

निकाल

अकराव्या दिवशी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टनी सोनोग्राफीखाली पोटातल्या पाण्यात पिगटेल, म्हणजे साठा बाहेर काढायची बारीक नळी, टाकली, सुरुवातीलाच लिटरहून जास्त काळपट पाणी आलं. बाराव्या दिवशी दाब १३, लघवी सुधारली. तेराव्या दिवशी त्याच एनजेतून, ती आम्ही काढली नव्हती, तासाला १० मिली सुरू केलं. टीपीएन चालूच. पुढचे चार दिवस एक वर आणि एक खाली, रोज दाब मोजून, फीड २०, ३०, मग ४०. सतराव्या दिवशी ४० मिली म्हणजे ९६० कॅलरी नळीतून जात होत्या, गरजेच्या ७० टक्के, तेव्हा टीपीएन बंद केलं. सात दिवस चाललं. बंद करताना वेग आधी अर्धा केला आणि साखरेवर लक्ष ठेवलं. दोन दिवसांनी ५५ मिलीवर पोचलो, प्रोटीन कमी पडत होतं म्हणून फीड जास्त प्रोटीनवालं घेतलं.

तेविसाव्या दिवशी सीटीत ड्युओडेनम मोकळं दिसलं. तांदळाची पेज, मग मऊ भात आणि वरचं पाणी न काढलेलं मुगाचं वरण, तूप नाही. जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल. तोंडानं निम्म्याहून जास्त जायला लागलं तेव्हा नळी काढली. एकतिसाव्या दिवशी घरी, वजन ५१.५, सूज उतरलेली. तीन महिन्यांनी ओपीडीला आले तेव्हा ५६. साखरेची गोळी मागे लागलीय. दारूबद्दल विचारलं तर ते गप्प बसले, ताई म्हणाल्या "सध्या बंद आहे", आणि मी त्यातला 'सध्या' ऐकून घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

पोटातला दाब सहाव्या दिवशीच, एनजे टाकतानाच मोजायला हवा होता आणि पुढे दर सहा तासांनी. मोठा साठा, भरपूर सलाईन दिलेला माणूस, फुगलेलं पोट, यादी समोर होती. १४-१५ दिसला असता तर मी नवव्या दिवशी ४० केलंच नसतं, पिगटेल कदाचित एक दिवस आधी पडली असती. टीपीएन टळलं असतं असं मी म्हणत नाही, दाब फीडमुळे वाढला नव्हता, साठ्यामुळे वाढला होता, पण त्या माणसाचे दहा-बारा तास वाचले असते.

पहिल्या दवाखान्यात चार दिवस डेक्स्ट्रोज गेलं आणि थायामिन एकदाही नाही. तिथल्या डॉक्टरांना दोष देण्यापेक्षा आम्ही एक साधी गोष्ट केली, आता रेफर होऊन येणाऱ्या पॅन्क्रियाटायटिसच्या फोनवरच आमचे आरएमओ विचारतात, दारू आहे का, असेल तर थायामिन देऊनच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घाला.

सहाव्या दिवशी टीपीएनच लावलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न पोरं नेहमी विचारतात. साखर सहाव्या दिवशीच चढली असती, फॉस्फरस पडलाच असता, लाइन चार दिवस जास्त वापरली गेली असती, आणि पोटातला दाब तरीही वाढला असता. मिळालं असतं ते एवढंच की कॅलरी थोड्या जास्त पोचल्या असत्या.

आणि उलट प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून मीच घालते: हाच पेशंट, पण सीटीत साठा नाही, ड्युओडेनम मोकळं, आणि जेजुनमचा एक तुकडा काळा पडलेला. एनजे आरामात जाईल. द्याल का? परवा एका बॅचमध्ये विचारलं तर बावीस जणींपैकी चौदा जणींनी नळी पोचतेय म्हणून हो लिहिलं.